ईद-दिवाळीच्या कार्यक्रमात कृतज्ञतेवर बोलताय? या चुका टाळा

कंपनीत ईद-दिवाळी मिलनाचा कार्यक्रम ठरला की पाच मिनिटांचं भाषण कुणाच्या तरी गळ्यात पडतं. विषय ठरलेला, 'विविध धर्मांतील कृतज्ञता'. मग आदल्या रात्री मोबाइलवर सुविचार गोळा करणं सुरू होतं. मी कार्मिक विभागात असल्यामुळे अशी भाषणं मला ऐकावी लागतात, बरीचशी आधी तपासूनही द्यावी लागतात. चुका त्याच त्याच असतात.

कोणती ईद, ते आधी बघा

इस्लामी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. त्यात अधिक महिना नाही, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २००४ ते २००६ ही तीन वर्षं रमजान ईद दिवाळीला अगदी खेटून आली होती. २०२५ साली मात्र रमजान ईद मार्चअखेर, बकरी ईद जूनमध्ये आणि दिवाळी ऑक्टोबरमध्ये होती. तरी माइक हातात आला की "नुकतेच रोजे संपले आहेत" हे वाक्य येतंच. कॅलेंडर भिंतीवरच असतं, मान वर करायची असते फक्त.

फॉरवर्ड आलेलं वचन वाचू नका

माझा खरा राग या चुकीवर आहे. एका कारखान्यात विभागप्रमुखांनी मोठ्या आवाजात वाचलं, "पवित्र कुराणात म्हटलं आहे, कृतज्ञता हे हृदयाचं संगीत आहे." टाळ्या झाल्या. नंतर फराळाच्या टेबलाशी स्टोअरमधले एक सहकारी त्यांच्याजवळ गेले. हे गृहस्थ हाफिज, म्हणजे अख्खं कुराण पाठ. अत्यंत अदबीनं त्यांनी विचारलं, "साहेब, ही आयत कुठल्या सूरहमधली? मला आठवत नाहीये." साहेब म्हणाले, "बघून सांगतो." हातातली चकली तशीच राहिली. अशी आयत कुठेच नाही, हे त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळलं होतं. त्याच भाषणात गौतम बुद्धांच्या नावावरही एक गुळगुळीत वाक्य खपवलं होतं. ते कुणी विचारलं नाही एवढंच.

माझा नियम साधा आहे. सूरह आणि आयत क्रमांक, अध्याय आणि श्लोक क्रमांक हाताशी नसेल, तर ते वचन भाषणात नाही. छापील मराठी भाषांतर उघडायचं आणि मागच्या-पुढच्या चार ओळी वाचायच्या. "वेळ नाही" म्हणणाऱ्यांना मी दोन वचनं कमी घ्यायला सांगतो, वाचन कमी करायला नाही.

मागचं-पुढचं का वाचायचं, ते बघा. सूरह इब्राहीममधली सातवी आयत सगळ्यांची लाडकी आहे: कृतज्ञ राहाल तर मी तुम्हाला अधिक देईन. पण ती तिथे संपत नाही. कृतघ्न झालात तर माझी शिक्षा कठोर आहे, असा तिचा उत्तरार्ध आहे. अर्धीच वाचली तर ती बक्षीस योजनेची जाहिरात वाटते. त्यापेक्षा सूरह अल्-बकराची १८५वी आयत घ्या. ती रमजानबद्दलच आहे. आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करणं, मार्ग दाखवल्याबद्दल अल्लाहची थोरवी गाणं, आणि शेवटी 'तुम्ही कृतज्ञ व्हावं म्हणून'. रमजान ईदेचं कारणच या आयतीत आहे. अरबी उच्चार जमत नसतील तर अरबी म्हणू नका, मराठी अर्थ पुरतो.

"सगळे धर्म एकच सांगतात, देवाचे आभार माना"

हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण चूक आहे. आपल्याकडे, महाराष्ट्रात, समोर बसलेल्यांत बौद्ध सहकारी हमखास असतात. त्यांच्या मंगलसुत्तात 'कतञ्ञुता', म्हणजे कृतज्ञता, हे उत्तम मंगल म्हणून येतं, आदर, नम्रता आणि संतोष यांच्या ओळीत. पण तिथे सृष्टीकर्त्या देवाचे आभार नाहीत. अंगुत्तर निकायात बुद्ध दोन माणसं दुर्मीळ सांगतात: आपण होऊन आधी उपकार करणारा, आणि झालेला उपकार जाणून तो फेडणारा. सगळा व्यवहार माणसामाणसातला. जैन सहकाऱ्यांची दिवाळी तर महावीरांच्या निर्वाणाची असते, आणि त्यांच्याकडेही सृष्टी घडवणारा देव नाही. त्यांच्यासमोर तुम्ही "सगळे धर्म" म्हणता तेव्हा ते सभ्यपणे हसतात, इतकंच.

फरक लपवण्यापेक्षा सांगितले की भाषण ऐकण्याजोगं होतं. इस्लाममध्ये सगळ्याचा दाता एक, म्हणून शुक्र, म्हणजे आभार, आधी त्याचे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, बाराव्या श्लोकात, भाषा देण्याघेण्याची आहे: देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोरच. बौद्ध परंपरेत उपकार ओळखणं हा माणसाचा गुण. तीन वेगळ्या वाटा आहेत. मात्र तिन्हीकडे नुसतं 'धन्यवाद' म्हणून सुटका नाही, हातून काहीतरी व्हावं लागतं.

भाषण तीन मिनिटांचं ठेवा, म्हणजे साडेतीनशे शब्द. सुरुवात १८५व्या आयतीने करा. तिला जोडून फितरा सांगा: ईदेच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे गरिबाचा वाटा काढायचा, म्हणजे सण त्याच्याही घरी होतो. मग गीतेतला चोर. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीलाही हळदकुंकू वाहतो, ते इथे एका ओळीत बसतं. मग कतञ्ञुता. शेवट हदीसने, म्हणजे पैगंबरांच्या वचनाने करा, अबू दाऊद आणि तिर्मिझी या संग्रहांत ती आहे: जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही. त्यावर लगेच नावं घ्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री भट्टीवर कोण होतं, ईदेच्या दिवशी गेटवर कोण होतं. यादी शिफ्ट सुपरवायझरकडून आदल्या दिवशी घ्या आणि उच्चार विचारून घ्या. नाव चुकलं तर बाकीचं भाषण फुकट.

सात धर्मांची सात वचनं नकोत. त्याला भाषण म्हणत नाहीत, किराणा यादी म्हणतात.

"आपले मुस्लिम बांधव" असं म्हणून एका कोपऱ्याकडे हात करू नका. ते तिथे पाहुणे नाहीत.

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान ठेवू नका, जुम्म्याची नमाज असते.

कृतज्ञतेच्या नावाखाली व्यवस्थापनाची आरती

"कंपनीने बोनस दिला, नोकरी दिली, त्याबद्दल आपण कृतज्ञ असलं पाहिजे" हे वाक्य आलं की मागच्या रांगेतला माणूस मोबाइल काढतो. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने मिळालेला हक्क आहे, ती मेहेरबानी नव्हे. हक्काच्या पैशाबद्दल उपकार मानायला लावले की आधीची आयत, श्लोक, सगळं त्या एका वाक्यासाठी रचलं होतं असं वाटू लागतं. वर जे ग्रंथ तुम्ही उद्धृत केलेत, तेच तुमच्या विरोधात जातात: फितरा देणाऱ्याने काढायचा असतो आणि गीता चोर म्हणते ती घेऊन परत न देणाऱ्याला. म्हणजे आभाराची पहिली पाळी ज्याच्याकडे जास्त आहे त्याची. साहेबांना बोलायचंच असेल तर त्यांनी कामगारांचे आभार मानावेत, उलटं नाही. भाषण तपासायला माझ्याकडे आलं की मी हा परिच्छेद लाल पेनाने काढतो आणि परत पाठवतो. काही जण तो तोंडी बोलतातच.