हॉटप्लेट चालू करण्याआधी: द्रावकाची आग-तपासणी

उदाहरणासाठी धरा की पुनर्स्फटिकीकरणासाठी 100 मिली टोल्युइन उकळायचे आहे आणि टेबलावर साधी हॉटप्लेट आहे. प्लेटला हात लावण्याआधी कागदावर चार आकडे लिहून घ्या: फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रवावरचे बाष्प ठिणगीने पेटू शकते ते सर्वांत कमी तापमान, उत्कलनबिंदू, स्वयंप्रज्वलन तापमान आणि हवेतील ज्वलनशीलतेची खालची मर्यादा. चारही बाटलीसोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकात, म्हणजे एसडीएसमध्ये मिळतात. टोल्युइनसाठी ते साधारण 4 अंश, 111 अंश, 480 अंश आणि 1.1 टक्के असे आहेत. फ्लॅश पॉइंटसमोर ‘क्लोज्ड कप’, म्हणजे झाकलेल्या भांड्यात मोजलेला, असे लिहिले आहे ना, ते पाहा. ओपन कपमध्ये बाष्प निसटते, त्यामुळे आकडा सहसा काही अंशांनी जास्त येतो आणि द्रावक आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटतो.

एसडीएस हाताशी नसेल किंवा आकड्यावर विश्वास बसत नसेल, तर अंदाज स्वतः काढता येतो. बाष्पाचे हवेतील प्रमाण ज्या तापमानाला खालच्या मर्यादेइतके होते, तोच जवळपास फ्लॅश पॉइंट. 760 मिमी दाबाचे 1.1 टक्के म्हणजे सुमारे 8.4 मिमी. टोल्युइनचा बाष्पदाब इतका कधी होतो, ते अँटॉइन समीकरणातून पाहा:

```
log10 P = 6.955 − 1344.8 / (219.5 + T)
```

P = 8.4 ठेवल्यावर T साडेतीन अंशांच्या आसपास येतो आणि मोजलेला आकडा 4 आहे. इथेनॉलसाठी 3.3 टक्के धरून हीच रीत वापरली तर उत्तर 11 येते, मोजलेले 13 आहे. कामापुरता हा अंदाज पुरेसा आहे. फक्त उत्कलनबिंदू माहीत असेल तर त्याला 0.683 ने गुणून 71.7 वजा करा. टोल्युइनसाठी 3.8 येतात, हेप्टेनसाठी उणे साडेचार. पण हे सूत्र केवळ हायड्रोकार्बनसाठी आहे. इथेनॉलला लावले तर उणे 18 येते, म्हणजे प्रत्यक्ष आकड्यापासून 30 अंशांहून लांब. अल्कोहोल किंवा डायमिथाइलफॉर्मामाइड म्हणजेच डीएमएफसारख्या द्रावकांसाठी ते वापरू नका.

आता फ्लॅश पॉइंट खोलीच्या तापमानाशेजारी ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळी प्रयोगशाळेत 30 अंश सहज असतात, आणि तेव्हा टोल्युइनचा बाष्पदाब सुमारे 37 मिमी असतो. म्हणजे अर्ध्या भरलेल्या बाटलीतल्या हवेत जवळपास 4.8 टक्के बाष्प आहे. टोल्युइन 1.1 ते 7.1 टक्क्यांच्या दरम्यान पेट घेते, तेव्हा प्लेट चालू नसतानाही बाटलीतले मिश्रण पेटण्याजोगे असते. म्हणून ‘गरम करताना फ्लॅश पॉइंटखाली राहू’ हा विचार इथे निरर्थक आहे. तो डीएमएफसाठी कामाचा: फ्लॅश पॉइंट 58, म्हणून 40 अंशांपर्यंत कोमट करणे तुलनेने निर्धोक, 80 अंशांवर नाही. शुद्ध द्रावकाला फ्लॅश पॉइंटखाली किमान 5 अंशांची आणि मिश्रणाला 15 अंशांची मोकळीक ठेवा. वापरून परत गोळा केलेल्या डीएमएफमध्ये थोडे हेक्सेन राहिले असेल, तर फ्लॅश पॉइंट हेक्सेनच्या दिशेने घसरतो आणि बाटलीवरचे लेबल निरुपयोगी ठरते. पाणी मिसळले की अल्कोहोल निर्धास्त होते, हाही गैरसमज आहे: वजनाने 50 टक्के इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट 24 च्या आसपास असतो, अगदी 10 टक्क्यांचाही 49 च्या जवळ.

यानंतर लक्ष प्लेटकडे वळवा, कारण पुष्कळ जण इथेच चुकतात. प्रोबचा आकडा द्रवाचा असतो, प्लेटचा नाही. फ्लास्कमध्ये 80 अंश आणण्यासाठी प्लेटचा पृष्ठभाग 250-300 अंशांवर असू शकतो, आणि प्रोब द्रवातून निसटला तर यंत्र द्रव थंड समजून प्लेट तापवतच राहते. पृष्ठभागाला थर्मोकपल टेकवून मोजा. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन खरे तापमान कमी दाखवते. मिळालेला आकडा स्वयंप्रज्वलन तापमानाशी ताडा. हेक्सेनचे ते सुमारे 225 आहे, हेप्टेनचे 205 च्या आसपास, डायएथिल ईथरचे 160 ते 180. उघड्या पृष्ठभागावर आग लागायला सहसा यापेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, पण त्या फरकाच्या भरवशावर काम करू नका. पेट्रोलियम ईथर, हेक्सेन, हेप्टेन आणि डायएथिल ईथर प्लेटच्या यादीतून इथेच काढा. ते गरम पाण्याच्या बाथवर ठेवा, आणि ईथरसाठी पाणी दुसरीकडे तापवून आणा.

टोल्युइनचे 480 अंश प्लेटच्या वर आहेत, तेव्हा या कसोटीवर ते पास होते. उरते ठिणगी. जुन्या प्लेटमधला थर्मोस्टॅट ‘टक’ असा आवाज करत उघडतो-मिटतो, त्या प्रत्येक वेळी संपर्कबिंदूवर ठिणगी पडू शकते. टोल्युइनची बाष्पे हवेपेक्षा तिपटीहून जड असतात, टेबलावरून वाहत प्लेटच्या खालच्या फटींपर्यंत पोहोचतात. असा आवाज येणारी प्लेट ज्वलनशील द्रावकासाठी बाद समजा, मग ती कितीही चांगली तापत असो. सीलबंद कंट्रोल असलेली, उत्पादकाने अशा कामासाठी सांगितलेली प्लेट हवी.

मांडणी अशी करा. 250 मिलीच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये 100 मिली टोल्युइन, म्हणजे अर्ध्याहून कमी भरलेला. आत चुंबकीय दांडी किंवा पोर्सलीनचे तुकडे, पण थंड असतानाच. तापलेल्या द्रवात टाकलात तर सगळे एकदम उसळून बाहेर येते. वर पाण्याचा कंडेन्सर, त्याच्या नळ्या तारेने बांधलेल्या. कंडेन्सरचे वरचे तोंड उघडे ठेवा, बंद प्रणाली तापवायची नाही. कोनिकल फ्लास्क उघडा ठेवून प्लेटवर उकळणे टोल्युइनसाठी नको, इथेनॉलसाठीही नको. फ्लास्क सिलिकॉन तेलाच्या बाथमध्ये बसवा आणि बाथ 125 ते 130 अंशांवर ठेवा. तेलात पाण्याचे थेंब नसावेत, ते 100 च्या वर तडतडून तेल बाहेर फेकतात. बाथ लॅब-जॅकवर असावी, म्हणजे गडबड झाली तर ती पटकन खाली घेता येईल. प्लेट तशी काढता येत नाही.

हे सगळे चालू फ्यूम हूडमध्ये, काच खाली ओढून. किती लहान सांडणे धोक्याचे आहे याचा अंदाज हेक्सेनवरून घ्या: 1 मिली पूर्ण उडाले तर सुमारे 190 मिली बाष्प, आणि ते 17 लिटर हवेला पेटण्याजोगे करते. टोल्युइन वीज जवळपास वाहत नाही, म्हणून प्लास्टिकच्या मोठ्या कॅनमधून जोरात ओतताना स्थिर भार साठतो. लागेल तेवढेच, सावकाश, प्लेट बंद आणि थंड असताना ओता. प्लेट थंड झाली का हे रंगावरून कळत नाही, सिरॅमिक तर 300 अंशांवरही तसाच पांढरा दिसतो. हातापाशी फ्लास्कच्या तोंडावर झाकता येईल असा धातूचा पत्रा आणि कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक सिलिंडर ठेवा. पाणी नको, टोल्युइन त्यावर तरंगत पसरते. द्रव भरण्याआधी कंडेन्सरमधून पाणी परतीच्या नळीतून सिंकमध्ये पडताना डोळ्यांनी पाहा. आणि शेजारच्या टेबलावर कोणी बर्नर पेटवून बसले आहे का, तेही.