दशक-शतकाचा घोळ सोडवणारा काड्यांचा खेळ

दुसरीतल्या दोन मुलांसाठी आइस्क्रीमच्या 300 काड्या, छोटे रबरबँड, तीन-चार मोठे रुंद रबर आणि दोन रंगांचे फासे घ्या. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूला हे सगळं मिळून जातं. काड्या एकाच जाडीच्या असाव्यात, नाहीतर जुड्या लहान-मोठ्या दिसतात आणि पोरं अंदाजानेच दहा धरतात.

दहा-दहाच्या 28 जुड्या बांधा, 20 सुट्या ठेवा. आळीपाळीने फासे टाका: लाल फाशाइतक्या जुड्या, निळ्याइतक्या सुट्या काड्या दोघांच्या एकाच ढिगात जमा करायच्या. सुट्या संपल्या तर शिलकीतली एक जुडी सोडा.

समजा ढिगात 9 जुड्या, 7 सुट्या आहेत. लाल 1, निळा 5. आता 10 जुड्या, 12 सुट्या. आधी दहा सुट्यांची जुडी बांधा, म्हणजे 11 जुड्या, 2 सुट्या. मग दहा जुड्यांवर मोठा रबर: एक गठ्ठा, एक जुडी, दोन काड्या. 112. वहीत 1012 लिहिलं असेल तर मुलाने दहा सुट्यांची जुडी बांधलेलीच नाही, हे लगेच कळतं.

गठ्ठा बांधताना आतल्या जुड्यांचे रबर मात्र काढू नका. इथेच बहुतेक घरी चूक होते. शंभर सुट्या काड्यांचा मोठा जुडगा मुलाला जाड जुडीच वाटतो. शंका आली की त्यालाच मोठा रबर सोडून दहा जुड्या मोजू द्या.

दोन गठ्ठे झाले की डाव संपला. मध्येच 108 आलं आणि मूल 18 लिहीत असेल, तर जुड्यांच्या जागी रिकामी ताटली ठेवा.