ऑफिसच्या चालण्याच्या चॅलेंजमध्ये टोपणनाव कसं ठेवावं

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. ऑफिसच्या फिटनेस चॅलेंजमध्ये हे अंतर फार पटकन पुसलं जातं.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात दर हिवाळ्यात ३० दिवसांचं चालण्याचं चॅलेंज असतं. आम्ही बावीस जण. रात्री नऊपर्यंत दिवसभराच्या पावलांचा आकडा ग्रुपवर टाकायचा. टोपणनावं ठेवण्याचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे आणि मी ते जपून करतो. कारण आधीच्या नोकरीत हेच काम मी बिघडवलं होतं. तिथे पहिल्याच दिवशी नावं वाटून टाकली आणि अंगानं जाड असलेल्या एका सहकाऱ्याला 'मालगाडी' म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. पाचव्या दिवसापासून त्याचा आकडा येईना. त्यानं चालणं सोडलं असं आम्ही धरून चाललो. पुढे काही महिन्यांनी कळलं, की तो रोज गोडोली तळ्याला फेऱ्या मारत होता, फक्त आम्हाला सांगत नव्हता. त्याचं चालणं टिकलं आणि आमच्यातून तो गेला.

पहिले सात दिवस कुणालाही नाव देऊ नका. एक वही ठेवा आणि प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहा: हा माणूस नेमकं काय करतो? वाक्यात क्रियापद हवं. 'जाड आहे', 'हळू आहे', 'वयस्कर आहे' ही वाक्यं चालणार नाहीत, कारण त्यांत माणूस काही करतच नाही. 'सव्वापाचला घराबाहेर पडतो', 'बस एक थांबा आधी सोडतो', 'रविवारी चार भिंतींच्या टेकडीपर्यंत चढून येतो' ही वाक्यं चालतात. सात दिवसांत प्रत्येकाचं असं एक तरी वाक्य सापडतं. नाही सापडलं, तर त्या माणसाला सरळ विचारावं. सांगताना तो खुलतो आणि नाव अर्धं तिथेच तयार होतं.

मग त्या वाक्यातून वेळ, जागा किंवा सवय उचला आणि दोन-तीन शब्दांत बसवा. सव्वापाचला निघणारा 'सव्वापाच'. थांबा आधी सोडणाऱ्या ताई 'एक थांबा आधी'. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणाऱ्या या धावपटूला लोक 'माणदेशी एक्सप्रेस' म्हणतात. त्या नावात माती आहे आणि त्यांनी करून दाखवलेलं कामही आहे. नाव धावण्यातून आलं, हा क्रम महत्त्वाचा. कालपरवा चालायला लागलेल्या माणसाला आपण 'एक्सप्रेस' म्हटलं, तर तो नावाच्या मागे धावतो आणि पोटरी धरून बसतो.

पावलांच्या आकड्याचं नावही टाळा. दहा हजार पावलांचं लक्ष्य मुळात एका नावातूनच आलंय. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. ते नाव खपलं आणि आकडा जगभर पक्का झाला. आपल्याकडे तीन हजारांवरून पाच हजारांवर आलेली व्यक्ती खरं तर सगळ्यांत जास्त पुढे गेलेली असते, पण शेजारी कुणी 'दसहजारी' बसला की तिला आपले पाच हजार टाकायलाही संकोच वाटतो.

आता नाव 'अहो'च्या चाळणीतून काढा. समोरच्याला आपण एरवी अहो-जाहो करत असू, तर नावाआधी 'अहो' लावून मोठ्यानं म्हणून पाहा. 'अहो सव्वापाच, आज उशीर?' हे जिभेवर बसतं. 'अहो बारक्या', 'अहो ढोल्या' बसत नाही. 'या'कारान्त नावं माणसाला थेट अरे-तुरेवर आणतात. मित्रांच्या कट्ट्यावर ठीक, पण ऑफिसात शिपाईमामांना असं नाव पडलं तर ते उलट बोलू शकत नाहीत. म्हणून मी साहेबांचं नाव सगळ्यांत आधी ठेवतो. ते 'साहेब'च राहिले आणि बाकीच्यांनाच नावं पडली, तर खेळ बिघडतो. 'आजोबा', 'काकू' हीसुद्धा चॅलेंजमध्ये वयाचीच नावं होतात. आजारपण, शुगर, गुडघा, गाव, जात यांच्या आसपासही जाऊ नका. आणि इतिहासातल्या वीरांची नावं इथे आणूच नयेत. चॅलेंजमध्ये कुणीतरी शेवटचा येणारच, मग त्या नावाची थट्टा होते आणि ती आपल्याला कुणालाच रुचत नाही.

नाव ग्रुपवर टाकण्याआधी त्या व्यक्तीला एकट्यानं दाखवा. दोन पर्याय द्या आणि तिसरा पर्याय 'माझं आहे तेच नाव' असा ठेवा. चारचौघांत विचारलं की माणूस 'चालेल' म्हणतो. त्या 'चालेल'चा काही भरवसा नाही.

एवढं करूनही एकदा माझं चुकलं. हिशेब विभागातल्या एका मॅडमनी पहिले सात दिवस एकही खाडा केला नव्हता. मी 'बिनखाडा' सुचवलं, त्यांना आवडलं. अकराव्या दिवशी त्यांच्या मुलाला ताप आला आणि दोन दिवस आकडा आला नाही. तेराव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "आता कशाला टाकायचा, नावच गेलं माझं." तेव्हा कळलं, की नाव असं हवं जे वाईट आठवड्यातही खोटं ठरत नाही. वही पुन्हा उघडली. त्या रोज डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं आवारात फिरतात, असं त्यांच्या नावापुढे लिहिलेलं होतं. दोन दिवस चुकले तरी तिसऱ्या दिवशी डबा असतोच आणि फेरीही मारता येते. नाव 'डबाफेरी' झालं. आठवडाभरात त्यांच्या बरोबर आणखी तिघी फिरायला लागल्या, कारण त्या नावात काय करायचं हे सांगितलेलंच होतं.

दहाव्या दिवशी एकदा सगळी नावं तपासा. माणूस आपलं नाव स्वतः वापरतो का, एवढंच बघायचं. 'सव्वापाच हजर' असं तो स्वतः लिहीत असेल तर नाव लागलं. तो नुसता हसून गप्प बसत असेल, त्याचा आकडा उशिरा येऊ लागला असेल किंवा इतरच ते नाव वापरत असतील, तर त्याच दिवशी त्याच्याशी बोलून नाव बदला. बदलाची घोषणा नको, कारणही नको. यादीत नवं नाव लिहिलं की झालं. शिवाय कुणाला दुखत असेल तर नाव आडवं येत नाही ना, हेही बघा. 'जिना' नावाच्या आमच्या एका सहकाऱ्याचा गुडघा दुखत होता, तरी नावापायी तो तीन मजले चढत राहिला होता. त्याला 'तळ्याचा फेरा' दिलं आणि तो सपाटीवर आला.

तिसाव्या दिवशी रात्री मी यादीतून सगळी टोपणनावं काढतो. ज्यांना हवं त्यांनी ठेवावं. मॅडमच्या डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहिलेलं 'डबाफेरी' अजून आहे.