लीजच्या तक्त्यातला 12 टक्के दर खरा आहे का?

समजा, गावातल्या डाळमिलसाठी 10 लाखांचं यंत्र 3 वर्षांच्या लीजवर घेताय. तक्त्यात शेष मूल्य 1 लाख, अंतर्निहित दर 12 टक्के आणि जीएसटी सोडून एकूण भाडं 11,60,142 रुपये. म्हणजे वर्षाला 3,86,714. एक्सेलमध्ये पडताळा:

```
=PMT(12%,3,-1000000,100000,0)
```

उत्तर तेवढंच येतं; पण शेवटचा 0 म्हणजे भाडं वर्षाअखेरीस. करारात मात्र पुष्कळदा ते आगाऊ, यंत्र उतरतानाच मागितलेलं असतं. तारखा नीट वाचा. आगाऊ असेल तर 0 च्या जागी 1 टाका: हप्ता सुमारे 3,45,280 हवा. तरीही 3,86,714 च मागत असतील, तर खरा दर असा काढा:

```
=RATE(3,386714,-1000000,100000,1)
```

तो 24 टक्क्यांच्या वर निघतो. एकूण भाड्याची बेरीज मात्र दोन्हीकडे सारखीच, म्हणून नुसत्या बेरजेवरून ही चूक सापडत नाही.