पांढरट चट्ट्याचे निदान मोबाइलवर करताना या चुका टाळा

खानापूर तालुक्यातील एक शेतकरी गुऱ्हाळाचा हंगाम संपता संपता माझ्या दवाखान्यात आले, ते करंगळीला झालेल्या मोठ्या फोडासाठी. काहिलीचा चटका बसला होता, पण फोड दिसेपर्यंत तो त्यांना कळलाच नव्हता. फोडाची पट्टी करताना त्याच हाताच्या कोपराखाली रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, फिकट चट्टा दिसला. त्याविषयी विचारल्यावर ते म्हणाले, "ते शिबं हाय डॉक्टर, पोरीनं मोबाइलवर बघितलंय. दुखत न्हाई, खाजत न्हाई, म्हणून दाखवायला आलो न्हाई." बेळगावला कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने चार महिन्यांपूर्वी त्या चट्ट्याचा फोटो त्वचा तपासणाऱ्या एका ॲपमध्ये घातला होता. ॲपने शिब्याला ७८ टक्के आणि कोडाला १२ टक्के दिले होते. त्यानंतर मेडिकलमधून आणलेली बुरशीची मलमे ते आलटून पालटून लावत होते आणि चट्टा होता तसाच होता.

तो चट्टा कुष्ठरोगाचा होता. मुलीने निष्काळजीपणा केला असे मला वाटत नाही. तिने फोटो नीट काढला होता आणि उत्तरही नीट वाचले होते. चूक झाली ती त्या उत्तराचा अर्थ लावताना. आपल्या भागात फिकट चट्ट्यांच्या बाबतीत ही चूक वारंवार होत असल्याने ती येथे सविस्तर मांडतो.

टक्केवारी म्हणजे रोगाची शक्यता असे मानणे

"७८ टक्के शिबं" हे वाचून कोणालाही वाटेल की अशा शंभर माणसांपैकी अठ्ठ्याहत्तर जणांना शिबंच असते. ॲपचे म्हणणे मात्र तसे नसते. आपल्याला शिकवलेल्या रोगांच्या यादीतील कोणत्या रोगाच्या फोटोंशी हा फोटो किती जुळतो, एवढेच ते सांगते आणि शंभर गुण त्या यादीतच वाटून टाकते. जो रोग यादीत नाही, त्याच्या वाट्याला एकही गुण येत नाही, मग तो समोर असला तरी.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण देतो. २०२० मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात त्वचारोग ओळखणाऱ्या एका प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती प्रणाली २६ रोग नावानिशी ओळखत असे आणि त्या २६ रोगांमध्ये तिची कामगिरी त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीची ठरली. त्या यादीत शिबं आहे, नायटा आहे, कोड आहे, इसब आहे, पण कुष्ठरोग नाही. बाकीचे सगळे रोग 'इतर' या एका कप्प्यात जातात. प्रणाली अमेरिकेतील रुग्णांच्या फोटोंवर शिकलेली असल्याने तिकडे नेहमी दिसणारे रोग यादीत यावेत हे स्वाभाविक आहे. आपल्याकडे मात्र फिकट चट्टा दिसला की डॉक्टरच्या मनात कुष्ठरोगाची शंका सुरुवातीलाच यावी लागते. भारताने कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवरील निर्मूलन २००५ च्या अखेरीस गाठले, पण त्याचा अर्थ दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता. रोग संपल्याची ती घोषणा नव्हती.

म्हणून कोणतेही ॲप वापरण्यापूर्वी ते कोणकोणते रोग ओळखते, ही यादी त्यातच शोधून वाचावी. ती सापडली नाही, तर फिकट चट्ट्यापुरते त्या ॲपचे उत्तर धरू नये.

आपल्या रंगाच्या कातडीवर काढलेल्या फोटोवर विसंबणे

या प्रणालींच्या शिक्षणात गोऱ्या कातडीचे फोटो फार आणि सावळ्या-काळ्या कातडीचे थोडे असतात. २०२२ मध्ये अमेरिकेत ६५६ फोटोंचा एक संच मुद्दाम वेगवेगळ्या वर्णांच्या रुग्णांकडून जमवून काही नामांकित प्रणाली त्यावर तपासण्यात आल्या, तेव्हा गडद कातडीवर त्यांची अचूकता घसरलेली आढळली. पुस्तकात जिला लाली म्हणतात ती आपल्या कातडीवर जांभळट किंवा नुसती काळपट दिसते. कुष्ठरोगाचा चट्टाही पांढराशुभ्र नसतो, तो आजूबाजूच्या कातडीपेक्षा एखाद-दुसऱ्या छटेने फिका असतो. मोबाइलचा फ्लॅश आणि चेहरा गुळगुळीत करणारी सोय नेमका हाच फरक पुसून टाकतात.

फोटो काढायचाच असेल तर दिवसा, उन्हात नव्हे तर पडवीच्या सावलीत काढावा, फ्लॅश आणि सौंदर्याची सोय बंद ठेवावी आणि त्या जागी निदान एक दिवस कोणतेही मलम लावलेले नसावे. एक फोटो दुरून, म्हणजे चट्टा शरीरावर कोठे आहे ते कळेल असा, आणि दुसरा वीतभर अंतरावरून, शेजारी नाणे ठेवून घ्यावा. असे तारखेसह ठेवलेले फोटो डॉक्टरला फार उपयोगी पडतात, कारण चट्टा वाढला की तसाच राहिला हे रुग्णाच्या आठवणीपेक्षा त्यातून नेमके कळते. मोबाइलचा हा उपयोग मी स्वतः रुग्णांना करायला सांगतो.

जे हाताने तपासायचे ते डोळ्यांनी तपासणे

सगळ्यात मोठी चूक ही आहे, कारण फोटो कितीही चांगला असला तरी त्या जागी स्पर्श कळतो की नाही हे त्यातून समजत नाही. फिकट चट्ट्यावर स्पर्श निश्चितपणे कमी असणे हे कुष्ठरोगाच्या तीन प्रमुख लक्षणांपैकी एक आहे. दुसरे म्हणजे जाड झालेली नस आणि तिच्या क्षेत्रातील बधिरता किंवा अशक्तपणा. तिसरे म्हणजे कातडीच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जंतू. तिन्हींपैकी एकही कॅमेऱ्याला दिसणारे नाही.

त्या शेतकऱ्यांची तपासणी मी अशी केली. कापसाच्या बोळ्याचे टोक पिळून वातीसारखे केले आणि आधी त्यांना डोळे उघडे ठेवून दाखवले की मी येथे टेकवीन आणि तुम्ही त्या जागेवर बोट ठेवायचे. मग डोळे मिटायला सांगितले. दंडावर टेकवले, बोट बरोबर तेथे आले. मनगटाजवळही आले. चट्ट्याच्या मध्यभागी टेकवले तेव्हा हात हलला नाही. ते शांतपणे वाट पाहत राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "लावा की डॉक्टर." कापूस घासायचा नसतो, फक्त टेकवायचा असतो, कारण घासला तर शेजारच्या चांगल्या कातडीला ओढ लागून रुग्णाला चुकीचा अंदाज येतो. चट्टा जवळून पाहिला तर त्यावरची लव विरळ होती आणि बाकीचा हात घामाने ओलसर असताना तेवढीच जागा कोरडी होती.

त्यानंतर कोपराच्या आतल्या बाजूची, कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी नस दोन्ही हातांवर चाचपली. त्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागत होती आणि दाबल्यावर दुखत होती. करंगळी बाहेरच्या बाजूला रेटायला सांगितली तेव्हा ती माझ्या बोटापुढे टिकली नाही. काहिलीचा चटका का कळला नाही, याचे उत्तर येथे मिळाले. शेवटी अंगरखा काढायला लावला तेव्हा पाठीवर आणखी दोन चट्टे सापडले, जे घरात कोणी पाहिलेच नव्हते, मग ॲपला दाखवणार कोठून.

शिब्याची खातरजमाही अशीच हाताने होते. चट्टा नखाने हलका खरवडला तर शिब्यातून बारीक कोंडा सुटतो आणि तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशीचे आखूड तंतू आणि गोल बीजाणू एकत्र दिसतात. त्यांच्या चट्ट्यावरून कोंडा सुटला नाही.

येथे एक इशारा द्यायला हवा. हे वाचून घरी कापूस टेकवून पाहायला हरकत नाही, पण स्पर्श कळला म्हणून निश्चिंत होऊ नये. चेहऱ्यावर नसांचे जाळे दाट असल्याने तेथील कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श शाबूत राहू शकतो आणि लहान मुलांची उत्तरे बऱ्याचदा भरवशाची नसतात.

आपल्या सीमाभागात भाषेची एक अडचण यात भर घालते. ॲप इंग्रजीत फार तर खाज आहे का, किती दिवस झाले, एवढे विचारते. आरोग्य केंद्रात डॉक्टर कन्नडमध्ये 'जोमु' आहे का म्हणून विचारतात आणि आपला माणूस कळले नाही तरी मान हलवतो. बधिर होणे, मुंग्या येणे आणि चटका न कळणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मराठीत नेमक्या सांगून परिचारिकेकडून किंवा आशाताईंकडून भाषांतर करून घ्यावे.

उत्तर मिळाले म्हणून मलम सुरू करणे आणि थांबणे

मेडिकलमधील अनेक मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड असते. ते लावल्यावर नायट्याची कडा पुसट होते आणि रोग आत पसरत राहतो, त्यामुळे पुढच्या फोटोत ॲपला आणि पुष्कळदा डॉक्टरलाही ओळख पटत नाही. स्टिरॉइडच्या अतिवापराने कातडी स्वतःच फिकट होते, म्हणजे एका चट्ट्यात दुसरा मिसळतो. तपासणीला जाताना लावलेल्या प्रत्येक मलमाची ट्यूब सोबत न्यावी.

थांबण्याचे नुकसान याहून मोठे आहे. नसेचा अशक्तपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तो भरून येण्याची बरीच आशा असते, त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. म्हणून चट्ट्याबरोबर बधिरता, न कळलेला चटका, बोटांतील अशक्तपणा यांपैकी काहीही असेल, किंवा जुना चट्टा अचानक लाल होऊन सुजला आणि नस दुखू लागली, तर ॲप काहीही सांगो, त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कुष्ठरोगाची औषधे तेथे विनामूल्य मिळतात आणि चट्टे व नसा किती बाधित आहेत त्यानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात.

त्या शेतकऱ्यांना तीन चट्टे आणि एक नस, म्हणून सहा महिन्यांचे औषध लागले आणि नसेसाठी वेगळ्या गोळ्या. करंगळीत बळ बरेचसे परत आले. चट्टा मात्र औषध संपल्यावरही फिकटच होता आणि मुलीने पुन्हा फोटो घातला तेव्हा ॲपने पुन्हा शिबंच सांगितले. करंगळीच्या कडेला अजून स्पर्श कळत नाही. गुऱ्हाळावर आता ते उलथणे धरण्यापूर्वी त्या हाताला जाड फडके गुंडाळतात आणि संध्याकाळी बायको उजेडात त्यांची बोटे एकेक करून पाहते.