पितृत्व रजा: तारीख कशी ठरवावी आणि अर्ज कसा लिहावा

आपल्या सातारा-सांगलीकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. नवरा नोकरीच्या गावी असतो. बाळ झाल्याचा फोन आला की तो घाईने पंधरा दिवसांची रजा टाकतो आणि ती दवाखान्याच्या व्हरांड्यात संपवतो. पुढे बायको बाळाला घेऊन सासरी येते. घरात खरी दोन हातांची गरज तेव्हा असते, पण रजा उरलेली नसते. म्हणून अर्जाच्या मजकुराआधी तारखेचा विचार करा.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९७२ च्या रजा नियमांतला ४३-ए हा नियम लागू आहे. दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असलेल्या पुरुषाला त्यानुसार पंधरा दिवसांची पगारी रजा मिळते. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणाला ती मिळते. ही रजा बाळंतपणाच्या पंधरा दिवस आधीपासून ते बाळ जन्मल्यानंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. सहा महिने उलटले की ती बुडाली. ती तुमच्या रजेच्या खात्यातून वजा होत नाही, अर्जित रजेला जोडता येते आणि सर्वसाधारणपणे नाकारायची नसते. मधले रविवार आणि सुट्ट्या मात्र त्या पंधरा दिवसांतच मोजल्या जातात.

आता एक उदाहरण घेऊ. साताऱ्यात केंद्रीय कार्यालयातला एक कर्मचारी, कार्यालयाचा आठवडा पाच दिवसांचा. बायकोचं माहेर सांगलीत आणि बाळ ५ जून २०२६ ला झालं. त्या वेळी त्याने अर्जित रजेतले चार दिवस घेतले. पितृत्व रजा त्याने राखून ठेवली, कारण बायको ऑगस्टच्या मध्याला साताऱ्याला येणार आहे. १७ ऑगस्टचा सोमवार ते ३१ ऑगस्ट असे पंधरा दिवस होतात. त्याआधीचे शनिवार-रविवार मागायचे ते रजेला जोडून, रजेत धरून नव्हे. मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे पुष्कळ अवधी हाताशी राहतो. तुकडे करून मागू नका. सलग घ्यायची असं धरूनच बेत आखा, आणि संपूर्ण रजा सहा महिन्यांच्या आत संपेल असं बघा.

कागद एकच महत्त्वाचा, तो म्हणजे जन्माचा दाखला. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि ती जन्म जिथे झाला तिथे होते. या उदाहरणात ती सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत होईल, साताऱ्याच्या नगरपालिकेत नव्हे. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, बारशासाठी थांबू नका. बाळंतपणाआधीच रजा हवी असेल तर अपेक्षित तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

अर्ज असा लिहा (केंद्रीय कार्यालयात तो हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो, मुद्दे हेच राहतात):

«विषय: पितृत्व रजा मंजूर करण्याबाबत (नियम ४३-ए)

महोदय, माझ्या पत्नीची प्रसूती दिनांक ५ जून २०२६ रोजी सांगली येथे झाली. हे माझे पहिले अपत्य असून मला अन्य हयात अपत्य नाही. मला दिनांक १७ ते ३१ ऑगस्ट २०२६ अशी पंधरा दिवसांची पितृत्व रजा मंजूर करावी. रजेआधीचे दिनांक १५ व १६ ऑगस्ट हे सुट्टीचे दिवस जोडून घेण्यास व मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी. मी दिनांक १ सप्टेंबर रोजी रुजू होईन. जन्माच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे.»

यात हयात अपत्यांचं वाक्य गाळू नका. ते नसलं की आस्थापना शाखा अर्ज विचारणेसह परत पाठवते आणि त्यात आठवडा जातो. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या.

मूल दत्तक घेतलं असेल तर नियम ४३-एए. मूल एक वर्षाच्या आतलं असावं आणि रजा वैध दत्तकापासून सहा महिन्यांत घ्यावी. दिवस तितकेच, पंधरा. इथे अडतं ते बहुतेक तारखेवर. दत्तक संस्थेतून मूल आधी संगोपनासाठी घरी येतं आणि जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश नंतर होतो. म्हणून अर्जात मूल ताब्यात आल्याची आणि आदेशाची अशा दोन्ही तारखा लिहा. आदेश अजून झाला नसेल तर तसं स्पष्ट लिहून संस्थेचं ताबापत्र जोडा. भावाचं मूल नुसत्या शब्दावर घरी आणलं असेल, तर आधी नोंदणीकृत दत्तकपत्र करून घ्या. कार्यालय कागद मागणारच.

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत खासगी नोकरी असेल तर वरचे नियम चालत नाहीत. खासगी क्षेत्रात वडिलांना अशी रजा द्यायला भाग पाडणारा केंद्रीय कायदा नाही. जे मिळतं ते कंपनीच्या धोरणानुसार. नेमणूकपत्र आणि रजेचं धोरण आधी वाचा. रजा किती दिवसांची, किती मुदतीत घ्यायची आणि नोकरीला किती महिने पूर्ण लागतात, हे तिथे पाहा. धोरणात तरतूद असेल तर तिचा कलम क्रमांक विषयातच लिहा. नसेल तर साठलेली पगारी रजा मागा, कारण बाळंतपण हेच लिहा, आणि तुमच्या गैरहजेरीत पाळीचं काम कोण बघणार हे त्या माणसाला विचारून त्याच अर्जात नमूद करा.