स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह: एकाच टेस्टची दोन स्केचेस आणि कुठली प्रॉपर्टी कुठे बघायची

मटेरियल सायन्सचा मेकॅनिकल प्रॉपर्टीजचा चॅप्टर पहिल्यांदा वाचला तेव्हा मी सगळ्या डेफिनिशन्स पाठ केल्या होत्या, मॉड्युलस म्हणजे काय, यील्ड स्ट्रेंथ म्हणजे काय, टफनेस, रेझिलियन्स, सगळं. पण लॅबमध्ये स्वतःच्या रीडिंगवरून कर्व्ह काढायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की यातली कुठली गोष्ट कर्व्हवर नेमकी कुठे बसते हे मला माहीतच नव्हतं. मग मी तो चॅप्टर दोन स्केचेसमध्ये बसवला, आणि ज्यांचा हा विषय आता सुरू होतोय त्यांच्यासाठी ते इथे लिहितोय. सगळं एकाच सॅम्पलच्या टेन्साइल टेस्टवर सांगतो, म्हणजे बार तुटेपर्यंत ओढत न्यायचा आणि लोड आणि लांबीतली वाढ नोंदवत राहायची.

सॅम्पल ६०६१-टी६ अॅल्युमिनियमचा गोल बार. व्यास १२.५ मिमी, गेज लेंथ ५० मिमी. गेज लेंथ म्हणजे बारवर दोन खुणा करतो त्यांच्यातलं अंतर, पूर्ण बारची लांबी नाही. सुरुवातीचं क्षेत्रफळ १२२.७ चौ. मिमी. इंजिनिअरिंग स्ट्रेस काढताना प्रत्येक लोडला याच सुरुवातीच्या क्षेत्रफळाने भागायचं आणि स्ट्रेन काढताना वाढलेल्या लांबीला सुरुवातीच्या ५० मिमीने, शेवटपर्यंत, बार बारीक झाला तरी.

σ = F / A₀, ε = ΔL / L₀

दोन स्केचेस का

पुस्तकातल्या आकृतीत सुरुवातीची सरळ रेघ चांगली ऐसपैस दाखवलेली असते, जवळजवळ पानाच्या एक चतुर्थांश भागात. ती समजावण्यासाठी ताणून काढलेली असते. आमच्या बारचा यील्ड, म्हणजे कायमचं ताणलं जाणं सुरू होण्याची जागा, साधारण ०.६ टक्के स्ट्रेनला आला आणि बार तुटला १५ टक्क्यांच्या आसपास. आता ग्राफ पेपरवर १ सेमी म्हणजे १ टक्का असा स्केल घेतला तर सगळा इलॅस्टिक भाग, म्हणजे त्या ०.६ मधला ०.४ टक्के, जेमतेम ४ मिमीत संपतो, जवळपास उभी रेघच दिसते, आणि यील्ड काढायला जे ०.२ टक्क्याचं ऑफसेट घेतात ते म्हणजे फक्त २ मिमी, त्यावरून यील्ड काढणं म्हणजे पेन्सिलीच्या जाडीवर उत्तर अवलंबून ठेवणं. म्हणून पहिलं स्केच पूर्ण कर्व्हचं, ० ते १६ टक्के, आणि दुसरं फक्त ० ते १ टक्का, ज्यात १ सेमी म्हणजे ०.१ टक्का. मॉड्युलस, यील्ड, रेझिलियन्स ह्या तीन गोष्टी दुसऱ्या स्केचवर बघायच्या, बाकीच्या पहिल्यावर.

दुसरं स्केच: ० ते १ टक्का

१७.२ किलोन्यूटन लोडला एक्स्टेन्सोमीटरने, म्हणजे गेज लेंथची वाढ थेट बारवरच मोजणाऱ्या उपकरणाने, ०.१० मिमी वाढ दाखवली. स्ट्रेस १४० मेगापास्कल, स्ट्रेन ०.००२, म्हणून ढाळ ७०,००० मेगापास्कल म्हणजे ७० गिगापास्कल. हाच यंग्ज मॉड्युलस. याची डेफिनिशन मी स्केचवर एवढीच लिहितो, "सरळ भागाचा ढाळ, स्टिफनेस". स्ट्रेंथशी याचा संबंध जोडायचा नाही. हीट ट्रीटमेंटने याच अलॉयची यील्ड स्ट्रेंथ कित्येक पट बदलते पण ढाळ जवळपास तोच राहतो, कारण ढाळ अणूंमधल्या बॉण्डवर ठरतो आणि यील्ड ठरतं डिस्लोकेशन्स, म्हणजे अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष, किती सहज सरकतात त्यावर.

आता यील्ड. अॅल्युमिनियममध्ये सरळ भाग संपून वाकणं इतकं हळू होतं की बोट ठेवून "इथे" म्हणता येत नाही. म्हणून ठरवून एक रीत घेतलीये, स्ट्रेनच्या अक्षावर ०.००२ पासून सुरुवातीच्या ढाळाला समांतर रेघ काढायची आणि ती कर्व्हला जिथे छेदते तिथला स्ट्रेस म्हणजे ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस किंवा ऑफसेट यील्ड. आमच्या स्केचवर ही रेघ (०.२ टक्के, ०) पासून निघून (०.४ टक्के, १४०) मधून जाते. ती कर्व्हला भेटली ३४ किलोन्यूटन लोडच्या रीडिंगपाशी, जिथे वाढ ०.३० मिमी होती. ३४,००० भागिले १२२.७ म्हणजे २७७ मेगापास्कल. ताळा करून बघा: २७७ ला इलॅस्टिक स्ट्रेन २७७/७०००० म्हणजे ०.४ टक्के, त्यात ऑफसेटचे ०.२ मिळवले की ०.६ टक्के, आणि ५० मिमीचे ०.६ टक्के म्हणजे बरोबर ०.३० मिमी. हा ताळा जमला नाही तर रेघ तिरकी गेलीये किंवा ढाळ चुकलाय.

इथे एक चूक खूप जण करतात, ०.२ टक्के म्हणजे ०.००२ हे विसरून रेघ ०.२ पासून सुरू करतात. ०.२ म्हणजे २० टक्के, तिथे पोचायच्या आधीच आपला बार तुटलेला असतो, म्हणून रेघ कर्व्हला भेटतच नाही. रेघ भेटली नाही की आधी हे तपासा.

माझं उत्तर चुकलं होतं ते

पहिल्या प्रयत्नात मी एक्स्टेन्सोमीटरची रीडिंग्ज न वापरता मशीनच्या क्रॉसहेडची, म्हणजे ग्रिप ओढणाऱ्या आडव्या भागाची, हालचाल घेतली होती, कारण ती स्क्रीनवर समोरच दिसत होती आणि मला वाटलं वाढ ती वाढच. त्याच १७.२ किलोन्यूटनला क्रॉसहेड ०.४५ मिमी सरकलं होतं. स्ट्रेन आला ०.००९ आणि मॉड्युलस १५.६ गिगापास्कल. अॅल्युमिनियमचा १५.६! ते ०.४५ मिमी फक्त गेज लेंथचं ताणणं नव्हतंच, त्यात ग्रिप बसणं, मशीनची फ्रेम थोडी ताणली जाणं, गेजच्या बाहेरचा बार, सगळं मिसळलेलं होतं.

पण खरा घोटाळा पुढे झाला. मला ७० गिगापास्कल हे पुस्तकातलं मूल्य माहीत होतं म्हणून मी ऑफसेटची रेघ ७० च्या ढाळाने काढली, आणि ती क्रॉसहेडच्या त्या आडव्या पडलेल्या कर्व्हवर. साहजिकच रेघ फार लवकर छेदली, यील्ड आला ४० मेगापास्कल. मी ते जर्नलमध्ये लिहूनही टाकलं होतं आणि सरांनी एकच प्रश्न विचारला, "तुझा कर्व्ह तर अजून सरळच आहे इथे, मग यील्ड कसा झाला?" तेव्हापासून हे डोक्यात पक्कं आहे: ऑफसेटची रेघ आपल्याच कर्व्हच्या सरळ भागाला समांतर हवी, आणि छेदनबिंदू कर्व्ह वाकायला लागल्यानंतरच यायला हवा. क्रॉसहेडचाच डेटा हातात असेल तर लोडवरून येणाऱ्या गोष्टी, म्हणजे अल्टिमेट स्ट्रेंथ, बरोबरच मिळते, ऑफसेट यील्डही त्याच कर्व्हचा ढाळ घेतला तर बऱ्यापैकी जवळ येतो, पण मॉड्युलस मात्र त्यातून काढू नका.

अजून एक, कर्व्हची सुरुवात कधी कधी पायाच्या बोटासारखी वळलेली असते, ग्रिपमधली ढिलाई निघेपर्यंत. ती मटेरियलची वागणूक नाही. सरळ भाग मागे वाढवून जिथे अक्षाला भेटतो तिथे नवा शून्य धरायचा आणि ०.००२ तिथून मोजायचं.

पहिलं स्केच: पूर्ण कर्व्ह

यील्डनंतर कर्व्ह हळूहळू चढत जातो, हे स्ट्रेन हार्डनिंग, डिस्लोकेशन्सची गर्दी वाढते आणि पुढे सरकायला जास्त स्ट्रेस लागतो. सर्वात जास्त लोड ३८ किलोन्यूटन, म्हणून यूटीएस म्हणजे अल्टिमेट स्ट्रेंथ ३१० मेगापास्कल. स्केचवर ही कर्व्हची सर्वात जास्त उंची. तुटण्याची जागा ही नाही, तुटताना लोड ३३ किलोन्यूटनवर उतरला होता म्हणजे २६९ मेगापास्कल.

मग शेवटी मटेरियल कमजोर झालं का? नाही. शिखरापर्यंत बार सगळीकडे सारखा बारीक होत असतो, शिखरानंतर एकाच जागी मान तयार होते, नेकिंग. तिथलं क्षेत्रफळ भराभर कमी होतं, हार्डनिंग त्याची भरपाई करू शकत नाही म्हणून लोड उतरतो, आणि आपण मात्र अजून सुरुवातीच्या १२२.७ नेच भागत असतो. तुटलेल्या जागी व्यास मोजला ९.६ मिमी, क्षेत्रफळ ७२.४. ३३,००० ला त्याने भागलं तर ४५६ मेगापास्कल. म्हणजे मानेत स्ट्रेस शेवटपर्यंत वाढतच होता. मी पहिल्या स्केचवर हा बिंदू वेगळ्या रंगाने मांडतो आणि बाजूला लिहितो "भागाकार A₀ ने, म्हणून उतार". σ(1+ε) हे ट्रू स्ट्रेसचं सूत्र मात्र नेकिंग सुरू होईपर्यंतच चालतं, त्यानंतर व्यास प्रत्यक्ष मोजल्याशिवाय इलाज नाही.

डक्टिलिटी दोन प्रकारे लिहितात. क्षेत्रफळातली घट, (१२२.७ − ७२.४)/१२२.७, म्हणजे ४१ टक्के. आणि तुकडे जोडून मोजलेली लांबी ५७.५ मिमी आली म्हणून इलाँगेशन १५ टक्के. इथे एक बारकी गोष्ट आहे जी मला फार आवडते: कर्व्हचं टोक १५ वर नसून १५.४ टक्क्यांच्या आसपास असतं. तुटल्याक्षणी लोड गेला आणि २६९/७०००० म्हणजे साधारण ०.४ टक्के इलॅस्टिक स्ट्रेन परत आला. म्हणून टोकापासून सुरुवातीच्या ढाळाला समांतर रेघ खाली आणायची, ती अक्षाला जिथे टेकते ते इलाँगेशन. ऑफसेटच्या रेघेमागेही हीच कल्पना आहे, लोड काढला तर ०.२ टक्के कायमचं उरेल असा स्ट्रेस. इलाँगेशन लिहिताना गेज लेंथ लिहायला विसरू नका, कारण मानेतला स्ट्रेन सगळा एका छोट्या भागात असतो आणि गेज लेंथ कमी घेतली की त्याच बारचे टक्के जास्त येतात.

राहिली क्षेत्रफळं. रेझिलियन्स म्हणजे सरळ भागाखालचा त्रिकोण, २७७² / (२ × ७००००), साधारण ०.५५ मेगाज्यूल प्रति घनमीटर (मेगापास्कल आणि हे एकच युनिट आहे, गोंधळू नका). टफनेस म्हणजे पूर्ण कर्व्हखालचं क्षेत्रफळ, ढोबळ काढायचं तर यील्ड आणि यूटीएसची सरासरी गुणिले तुटतानाचा स्ट्रेन, २९३ × ०.१५, म्हणजे ४४. ऐंशी पट फरक! पहिल्या स्केचवर रेझिलियन्स शेड करायला गेलात तर एक बारीक पट्टी दिसेल, तीच ती.

माइल्ड स्टीलचं स्केच काढायचं असेल तर फरक दुसऱ्या स्केचवरच दिसतो. तिथे कार्बन-नायट्रोजनचे अणू डिस्लोकेशन्सना अडकवून ठेवतात, त्या एकदम सुटतात म्हणून अप्पर यील्डचं टोक येतं, मग कर्व्ह खाली पडून थोडा वेळ आडवा चालतो. यील्ड सरळ वाचता येतो, ऑफसेटची रेघ लागत नाही. सवयीने तेच टोक अॅल्युमिनियमच्या कर्व्हवर काढलेलं मी बऱ्याच जर्नल्समध्ये बघितलंय, रीडिंगमध्ये लोड कुठेही उतरलेला नसताना. तुमच्या रीडिंगच्या तक्त्यात शिखराआधी लोड कमी झाल्याची एकही ओळ नसेल तर ते टोक खोडून टाका.